संभोगाच्या वेळी अचानक उठणारी डोकेदुखी: साधी कधी, जीवघेणी कधी

प्रश्न: वय ३९, पुरुष. तीन आठवड्यांपूर्वी पत्नीबरोबर संबंध चालू असताना अगदी शेवटच्या क्षणी डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी फाडकन फुटल्यासारखं झालं. दोन तासांनी कमी झालं, पण दुसऱ्या दिवसापर्यंत डोकं जड होतं. परवा पुन्हा तसंच. बीपी नाही, शुगर नाही. हे आपोआप थांबतं का? आणि डॉक्टरांना सांगायचं तरी कसं?

उत्तर: आजच जा. जिथे सीटी स्कॅन आणि एमआरआय दोन्ही आहेत आणि मेंदूविकारतज्ज्ञ बोलावता येतात, अशा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. शेवटी हे निरुपद्रवी निघण्याची शक्यता चांगली आहे. पण ते नुसत्या वर्णनावरून मी इथून ठरवू शकत नाही, आणि तुम्हीही घरी बसून ठरवू नका. का, ते नीट सांगतो, कारण ते समजलं की पुढच्या तपासण्यांचा क्रमही समजेल.

डोकेदुखीचा रुग्ण समोर आला की दुखणं किती आहे हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, दुखणं शून्यापासून शिखरापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला? अर्धा तास लागला असेल तर माझ्या डोक्यात एक यादी असते, आणि एक मिनिटाच्या आत दुखणं कळसाला पोहोचलं असेल तर दुसरी. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही थंडरक्लॅप डोकेदुखी म्हणतो, म्हणजे वीज कडाडावी तशी. तुमचं ‘फाडकन’ हे त्यातच बसतं. रुग्ण हे आपापल्या शब्दांत सांगतात. कोणी म्हणतं, मागून कोणीतरी काठी घातली. कोणी म्हणतं, डोक्यात फटाका फुटला. एकाने मला नुसतीच चुटकी वाजवून दाखवली होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

संभोगाशी निगडित निरुपद्रवी डोकेदुखी खरोखर असते. तिला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, निदानाचे निकष आहेत. साधारण शंभरात एका माणसाला आयुष्यात कधीतरी ती होते, पुरुषांना जास्त. ती दोन तऱ्हेने येते. एका तऱ्हेत उत्तेजना वाढेल तसं मानेत, जबड्यात, डोक्याच्या मागे दुखणं हळूहळू चढत जातं. या वेळी मान आणि जबड्याचे स्नायू आवळलेले असतात हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येतं, आणि थांबलं किंवा वेग कमी केला की दुखणं उतरायला लागतं. दुसऱ्या तऱ्हेत आधी काहीच नसतं आणि परमोच्च क्षणी किंवा त्याच्या जरा आधी एकदम स्फोट होतो. तीव्र दुखणं एका मिनिटापासून २४ तासांपर्यंत कितीही टिकू शकतं. मागे उरणारा जडपणा कधी तीन दिवसही राहतो. बहुतेकांचं दोन्ही बाजूंना किंवा मानेच्या वरच्या भागात दुखतं. शुद्ध जात नाही, हातापायांतली ताकद कमी होत नाही, उलट्यांचा सपाटा लागत नाही. काही आठवडे प्रत्येक वेळी दुखतं आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, काहीच होत नाही.

आता अडचण अशी, की या दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्यांदाच आलेलं दुखणं आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्तवाहिनी फुटल्याचं दुखणं ही सुरुवातीच्या तासा-दोन तासांत हुबेहूब सारखी असू शकतात. मेंदूच्या तळाशी धमन्या जिथे फांद्या फोडतात, तिथे काही जणांमध्ये भिंत कमकुवत होऊन छोटा फुगा तयार झालेला असतो. त्याला एन्युरिझम म्हणतात. तो वर्षानुवर्षं गप्प असतो. संभोगात शेवटच्या टप्प्यावर नाडी वाढते, रक्तदाबाचा वरचा आकडा काही क्षणांसाठी बराच वर जातो, त्यात माणूस नकळत श्वास रोखून धरतो. फुगा फुटायचाच असेल तर त्याला हे निमित्त पुरतं. जड वजन उचलताना किंवा शौचाला जोर करताना फुटतो, तसाच. म्हणून आमच्याकडे नियम असा, की पहिल्या स्फोटक दुखण्याला ‘साधं’ हे नाव तपासण्या झाल्यावरच द्यायचं. निरुपद्रवी प्रकाराच्या निकषांतही किमान दोन वेळा झालेलं असावं आणि दुसरं कारण सापडलेलं नसावं, असं लिहिलेलं आहे.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

४६ वर्षांच्या एक शिक्षिका. शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास, संबंधांच्या शेवटी, मानेच्या वर जोराचा झटका बसला. त्या उठून बसल्या, एक उलटी झाली. नवऱ्याने घरात होती ती दुखण्यावरची गोळी दिली, दिवा बंद केला. पहाटेपर्यंत दुखणं निम्म्यावर आलं. रविवारी नेहमीच्या डॉक्टरांकडे दोघं गेले आणि सांगितलं की रात्री झोपेत डोकं दुखायला लागलं, बहुतेक पित्त झालंय. या बाईंना वीस वर्षांपासून अर्धशिशी होती. अशी हकीकत आणि असा पूर्वेतिहास ऐकल्यावर डॉक्टरांनी अर्धशिशीची औषधं दिली. मी त्या खुर्चीत असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं.

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला त्या माझ्याकडे आल्या, कारण त्यांना वह्या तपासता येत नव्हत्या. डोकं दुखतंय म्हणून नव्हे. मान खाली घालून वहीकडे बघितलं की मानेमागून पाठीपर्यंत ओढ बसत होती. मी त्यांना हनुवटी छातीला टेकवायला सांगितली. तीन बोटांचं अंतर राहिलं. मी हलकेच मान पुढे वाकवायला गेलो तर खांदेही बरोबर उचलले गेले. आवरणाखाली रक्त सांडलं की त्याची जळजळ काही तासांनी मानेच्या स्नायूंना ताठरवते. अर्धशिशीत मान दुखते, पण अशी अडकत नाही.

मग मी नवऱ्याला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, ‘‘ताई, दुखायला लागलं त्या क्षणी नेमकं काय करत होतात? झोपेत दुखायला लागलं की माणूस दुखण्याने जागा होतो. तुम्ही तर उठून बसलात म्हणालात.’’ त्या टेबलाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, झोपलेलो नव्हतो आम्ही.’’ मी म्हटलं, ‘‘बास, एवढंच हवं होतं. अर्धशिशीचं तुमचं नेहमीचं दुखणं असं सुरू होतं का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाही. ते चढत जातं. हे आलं ते पूर्णच आलं.’’

‘आलं ते पूर्णच आलं.’ इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही.

सीटी स्कॅन केला तेव्हा सुरुवातीपासून ४२ तास उलटून गेले होते. स्कॅन स्वच्छ आला. इथेच बरेच जण सुटकेचा नि:श्वास टाकून घरी जातात, म्हणून इथे जरा थांबतो. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या यंत्रावर स्कॅन झाला आणि अनुभवी रेडिऑलॉजिस्टने तो वाचला, तर असा रक्तस्राव क्वचितच नजरेतून सुटतो. पण मेंदूभोवतीचं पाणी सतत फिरत असतं. ते रक्त पातळ करतं, वाहून नेतं. दिवस जातील तसा पांढरेपणा विरतो, आणि आठवड्याने तर निम्म्याच्या आसपास रुग्णांत सीटीवर काहीच दिसत नाही. तेव्हा सीटी स्वच्छ आहे या वाक्याला अर्थ येतो तो किती तासांनी केला हे माहीत असेल तरच. बेचाळीस तासांनी केलेल्या स्वच्छ सीटीवर मी कोणालाही घरी सोडत नाही.

पुढची पायरी म्हणजे पाठीतून पाणी काढून तपासणं. याची लोकांना उगाच धास्ती वाटते. कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मधून बारीक सुई घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे सुई त्याला लागत नाही. रक्त सांडलं असेल तर त्यातल्या तांबड्या पेशी फुटून साधारण बारा तासांनी पाण्याला पिवळट छटा येते आणि ती सुमारे दोन आठवडे टिकते. सुई टोचताना चुकून थोडं ताजं रक्त मिसळलं तर पाणी लालसर दिसतं, पण नळी यंत्रात फिरवल्यावर वरचा थर पाण्यासारखा नितळ राहतो. जुन्या रक्तस्रावात तो पिवळाच राहतो. या शिक्षिकांची नळी मी पांढऱ्या कागदासमोर धरली, शेजारी साध्या पाण्याची नळी धरली. फरक अगदी थोडा होता, फिक्या गवती चहाएवढा. प्रयोगशाळेने तासाभरात तेच कळवलं. मग रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी झाली आणि मेंदूच्या पुढच्या भागाच्या दोन धमन्यांना जोडणाऱ्या छोट्या वाहिनीवर पाच मिलिमीटरचा फुगा दिसला.

दुसऱ्या दिवशी जांघेतून नळी घालून तो फुगा आतून प्लॅटिनमच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांनी भरून बंद केला. पुढचे २१ दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा उठवून, निमोडिपिनची गोळी दिली. कारण सांडलेल्या रक्तामुळे चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत आसपासच्या वाहिन्या आकसण्याचा धोका असतो. बाई ठणठणीत घरी गेल्या. पण शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस त्यांनी ज्या अवस्थेत काढला, ते आठवलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो, आणि दुसऱ्यांदा फुटला की फार थोडे जण सावरतात. गोळीने दुखणं उतरलं, एवढ्यावरून त्यांनी धीर धरला होता. रक्तस्रावाचं दुखणंही गोळीने उतरू शकतं. काही वेळा आधी थोडीशी गळती होते, ती डोकेदुखी शमते आणि खरा स्फोट काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी होतो. दुखणं कशाने थांबलं याला निदानात किंमत नाही. ते सुरू कसं झालं याला आहे.

आता तुमच्याकडे येतो. तुमची गोष्ट या बाईंच्या गोष्टीहून एका बाबतीत वेगळी आहे: तुम्हाला दोनदा झालंय, तेही तीन आठवड्यांत. रक्तस्राव यातूनही वगळावाच लागेल, पण वारंवार येणाऱ्या स्फोटक डोकेदुखीत माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक आजार येतो. त्याचं नाव लांबलचक आहे: रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकन्स्ट्रिक्शन सिंड्रोम, थोडक्यात आरसीव्हीएस. यात मेंदूच्या धमन्यांचा ताळ काही काळ सुटतो. कुठे आकसतात, कुठे सैल पडतात, आणि अँजिओग्राफीत माळेतल्या मण्यांसारख्या दिसतात. एक ते चार आठवड्यांच्या काळात असे झटके पुन:पुन्हा येतात. संभोग हे त्याचं एक ठरलेलं निमित्त. शौचाला जोर करणं, खोकला, अंघोळ, जड व्यायाम, जोराचा संताप किंवा रडणं हीही निमित्तं. म्हणून आठवून बघा, या तीन आठवड्यांत संबंधांखेरीज दुसऱ्या वेळी असा एखादा झटका आला होता का? बरेच रुग्ण तो वेगळा म्हणून सोडून देतात. एका गृहस्थांनी मला तीन वेळा संभोगाचंच सांगितलं. जाता जाता म्हणाले, परवा अंघोळीचं पाणी अंगावर घेतलं तेव्हाही जरा तसंच झालं होतं. त्या ‘जरा’ने निदान बदललं.

संभोगाच्या वेळी एकाहून जास्त वेळा स्फोटक डोकेदुखी झाली, तर रक्तवाहिन्यांची तपासणी होऊन खात्री होईपर्यंत तिला आरसीव्हीएसच समजायचं, ही आमच्या क्षेत्रातली मान्य रीत आहे. बहुतेक जणांच्या धमन्या तीन महिन्यांत पूर्ववत होतात, नावातला ‘रिव्हर्सिबल’ त्याचाच. पण मधल्या काळात थोड्या रुग्णांना मेंदूत रक्तस्राव किंवा पक्षाघात होतो, आणि तो टाळायचा असेल तर निमित्तं बंद करावी लागतात आणि घातक औषधं थांबवावी लागतात. हा भाग महत्त्वाचा आहे. नाक चोंदल्यावर घेतात त्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, अर्धशिशीवरची ट्रिप्टान किंवा अर्गोट गटातली औषधं, नैराश्यावरच्या काही गोळ्या, गांजा, कोकेन, वजन उतरवणाऱ्या किंवा व्यायामासाठी उत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी, यातलं काही चालू असेल तर धमन्या आकसायला मदत होते. नैराश्याची गोळी मात्र स्वत:च्या मनाने एकदम तोडू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हाही या आजाराचा काळ.

लिंगाच्या ताठरतेसाठीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल, टाडालाफिल, यांनीही डोकं दुखतं. ते दुखणं सहसा चेहरा तापणं, नाक चोंदणं यांच्याबरोबर गोळी घेतल्यावर हळूहळू येतं, स्फोट होत नाही. तरी घेतली असेल तर तातडीच्या विभागात सांगाच. छातीत दुखण्यावर देतात त्या नायट्रेटच्या औषधांबरोबर त्या गोळ्यांचा रक्तदाबावर घातक परिणाम होतो.

तपासण्यांचं तुमच्या बाबतीत असं होईल. आधी साधा सीटी. परवाच्या झटक्याला सहा तास केव्हाच उलटलेत, त्यामुळे तो स्वच्छ आला तरी तेवढ्यावर थांबायचं नाही. मेंदूच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी, सीटीवर किंवा एमआरआयवर. मानेच्याही सांगतो, कारण मानेतल्या धमनीच्या भिंतीला आतून चीर पडली तरी दुखणं असंच सुरू होऊ शकतं. मग मान एकाच बाजूला दुखत राहते, कधी त्या बाजूची पापणी किंचित खाली येते आणि बाहुली लहान दिसते. गरज वाटली तर पाठीतलं पाणी. आणि मेंदूचा एमआरआय. एक गोष्ट लक्षात ठेवा: आरसीव्हीएसमध्ये पहिल्या आठवड्यात केलेली अँजिओग्राफी अगदी स्वच्छ येऊ शकते. आधी लहान वाहिन्या आकसतात, त्या दिसत नाहीत. मोठ्या वाहिन्यांवरचं मण्यांचं चित्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उमटतं. तेव्हा झटके चालू राहिले तर तपासणी पुन्हा करायची, आधीच्या अहवालावर विसंबायचं नाही.

डॉक्टरांना सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण अवघडलेपणामुळे निदान हुकताना मी वर्षानुवर्षं बघतोय. लोक म्हणतात बसलो होतो, टीव्ही बघत होतो, झोपेत होतो. एवढ्या एका बदलाने आमची विचार करायची दिशाच बदलते. श्रमाच्या वेळी सुरू झालेली डोकेदुखी, मिनिटाच्या आत शिखर गाठलेली डोकेदुखी, वय ४० किंवा त्याहून जास्त, मान दुखणं किंवा आखडणं, शुद्ध हरपणं, मान पुढे वाकवता न येणं, यातली एक गोष्ट असली तरी रक्तस्रावाची तपासणी करायची, असा आमचा तातडीच्या विभागातला नियम आहे. संभोग हा श्रमच. म्हणजे खरं सांगितलंत तर ड्युटीवरच्या ज्युनिअर डॉक्टरलाही पुढचं काय ते माहीत असतं. शब्द सुचत नसतील तर हे वाक्य कागदावर लिहून हातात द्या: ‘परवा रात्री अमुक वाजता, शरीरसंबंधाच्या शेवटी, एका मिनिटाच्या आत अतिशय जोराचं डोकं दुखायला लागलं. तीन आठवड्यांपूर्वीही असंच झालं होतं.’ वेळ घड्याळातली लिहा. कोणाबरोबर, कसं, किती वेळ, हे कोणी विचारत नाही आणि त्याची गरजही नसते. हस्तमैथुनाच्या वेळी झालं असेल तरी तेवढंच महत्त्वाचं, तेही असंच सांगावं.

रुग्णालयात पोहोचायच्या आधीच तिसरा झटका आला, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला पहिल्यांदाच आला, तर थांबा, डोकं किंचित उंच ठेवून पडून राहा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्वत: गाडी चालवत जाऊ नका, वाटेत शुद्ध जाऊ शकते. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, रक्त गोठण्यात ती अडथळा आणते. फारच असह्य असेल तर पॅरासिटामॉल चालेल, पण तिने बरं वाटलं तरी जायचं. झोपून बघू, सकाळी ठरवू, हे करू नका. जोडीदारालाही सांगून ठेवा, की बोलणं अडखळलं, एक वस्तू दोन दिसू लागली, एक पापणी पडली, फिट आली, एका बाजूचा हात जड झाला, उलट्या थांबेनात किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर लाजून कपडे शोधण्यात वेळ घालवायचा नाही. चादर गुंडाळून न्यायचं.

एक वेगळा प्रकार ओझरता सांगतो, कारण तो ओळखायला सोपा आहे. संबंधांनंतर सुरू झालेलं दुखणं उभं राहिलं की वाढतं आणि आडवं झालं की काही मिनिटांत जवळजवळ जातं, असं दिवसेंदिवस चालू राहिलं, तर जोर पडून मज्जारज्जूच्या आवरणाला बारीक छिद्र पडून पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. त्याचा इलाज वेगळा आहे, त्यामुळे हे आडवं-उभ्याचं गणित डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

समजा सगळं स्वच्छ निघालं आणि निरुपद्रवी प्रकारावर शिक्कामोर्तब झालं. मग पुढे काय? आधी डोक्यातला जडपणा पूर्ण जाईपर्यंत काही दिवस विश्रांती. त्यानंतर सुरुवात करताना वेग तुमच्याकडे कमी ठेवा, जोडीदाराला पुढाकार घेऊ द्या, श्वास रोखू नका, मान ताणली जाईल अशी स्थिती टाळा. डोकं भरून यायला लागलं की थांबा. बऱ्याच जणांचा झटका एवढ्यानेच चुकतो. झटके येतच राहिले तर दोन औषधांचा अनुभव चांगला आहे. इंडोमेथासिन २५ ते ५० मिलिग्रॅम, संबंधांच्या अर्धा ते एक तास आधी, भरल्या पोटी. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, वेदनाशामक गोळ्यांनी उठणारा दमा असेल तर ते चालत नाही. आणि आधीच ठरवून गोळी घेणं ज्यांना जमत नाही किंवा ज्यांचे झटके वारंवार येतात, त्यांना रोजचं प्रोप्रॅनोलॉल, कमी मात्रेपासून वाढवत नेलेलं, काही आठवडे ते काही महिने. दमा असेल तर तेही नको. दोन्ही औषधं डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच, आणि तपासण्या झाल्यावरच. काही ठिकाणी ट्रिप्टानची गोळीही आधी घ्यायला देतात, पण आरसीव्हीएस खात्रीने वगळल्याशिवाय ती तोंडात घालू नका. त्या आजारात ती धमन्या आणखी आकसवते.

निघालं आरसीव्हीएसच, तर काही आठवडे संबंध, जिम, वजन उचलणं बंद. बद्धकोष्ठता असेल तर पोट साफ ठेवणारं सौम्य औषध सुरू करायचं, म्हणजे जोर करावा लागत नाही. निमोडिपिन किंवा व्हेरापामिल देतात, त्याने झटके कमी होतात असा अनुभव आहे. स्टेरॉइड मात्र यात टाळतो, त्याने नुकसान होतं. तीन महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी, आणि ती स्वच्छ आली की बंधनं उठतात.

पत्नी घाबरल्या असतील, तर आज त्यांनाही बरोबर घेऊन जा. पहिल्या झटक्यानंतर तुम्ही किती वेळ बोलत नव्हतात, चेहरा कसा होता, एका क्षणासाठी शुद्ध गेली होती का, हे तुम्हाला आठवणार नाही, त्यांना आठवेल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, सर्दीची आणि जिमची पावडर धरून. आणि निकाल हातात पडेपर्यंत संबंध नकोत.